न आटणारी म्हैस

ज्या दूध संस्थेच्या हिशेबात वर्षभराची घट शून्य दिसते, तिथं मी कॅशबुक नंतर उघडतो. दूध मापताना सांडतं, कॅनच्या आतल्या बाजूला साय धरते, झाकणाला चिकटतं, टेम्पोत हिंदकळतं. शंभर लिटर गोळा केलं तर ते विकत घेणाऱ्या दूध संघाच्या काट्यावर शंभरच भरायला ते काय गहू-ज्वारी आहे? अर्धा-पाऊण टक्का कमी भरणं हे चांगल्या संस्थेचं लक्षण. दोन टक्क्यांवर गेलं तर प्रश्न विचारायचे. आणि काहीच कमी भरत नसेल, तर जास्त विचारायचे.

मी बेळगावातल्या एका लेखापरीक्षकांच्या कचेरीत काम करतो. निपाणी, चिक्कोडी, खानापूर या भागातल्या सहकारी संस्था आमच्याकडे असतात. कर्नाटक सहकारी संस्था कायदा १९५९ च्या कलम ६३ प्रमाणे सभासदांच्या सर्वसाधारण सभेनं पॅनेलमधला लेखापरीक्षक नेमायचा आणि मार्चअखेरच्या वर्षाचं ऑडिट १ सप्टेंबरच्या आत उरकायचं. त्यामुळं पावसाळा सुरू झाला की आमची गावोगावची फिरती सुरू. ही संस्था वेदगंगेच्या काठावरच्या एका गावातली. गावाचं नाव लिहीत नाही, आणि पुढचे आकडेही ओळखू येऊ नयेत इतपत गोल केले आहेत. हिशेबाची रीत मात्र तीच आहे.

संस्था म्हशीच्या दुधाची. दोन वेळचं संकलन, वेळेला साधारण साठ जण दूध घालणारे. कागदपत्रं कानडीत, गाव मराठी. सेक्रेटरी एक, टेस्टर एक, कॅन उचलायला एक पोरगा. बिल दहा दिवसांनी. मागच्या वर्षांचे शेरे पाहिले तर सगळीकडे एकच गोष्ट: व्हाउचरवर सही नाही, साठा रजिस्टर अपुरं, प्रोसिडिंगला पानांचे नंबर नाहीत. पैशाची एकही तफावत नाही. संघाकडून आलेली रक्कम, सभासदांना वाटलेली रक्कम, पशुखाद्याची कपात, सगळं पैशापैशाला जुळलेलं.

मला दोन गोष्टी खटकल्या. एक ती शून्य घट. दुसरी म्हणजे नफातोटा पत्रकात नमुन्याच्या दुधाचं उत्पन्न नावापुरतं होतं, वर्षाचे काही शे रुपये.

नमुन्याचं दूध म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथूनच सुटते. सभासद किटली घेऊन आला की टेस्टर दूध ढवळून छोट्या बाटलीत फॅट बघायला थोडं काढून घेतो, पन्नास मिलीच्या आसपास. मग उरलेलं दूध काट्यावर. म्हणजे त्या पन्नास मिलीचे पैसे सभासदाला मिळत नाहीत, आणि यंत्र त्यातलं थोडंसंच ओढतं. बाकीचं एका बादलीत साठतं. साठ जणांचं वेळेला तीन लिटर, दिवसाला सहा, दहा दिवसांच्या एका बिलात साठ लिटर. हे दूध संस्थेचं. ते विकून येणारा पैसा संस्थेच्या जमेला दिसला पाहिजे. इथं तो दिसत नव्हता, म्हणजे बादली कुठं तरी ओतली जात होती. गटारात नक्कीच नाही. कॅनमध्येच.

आता कॅनमध्ये दर बिलाला साठ लिटर जादा जात असतील, तर संघाच्या पावतीवर जादा दूध दिसायला हवं. ते दिसत नव्हतं. जेवढं रजिस्टरला, तेवढंच संघाला.

मग मी सकाळच्या संकलनाला जाऊन बसलो. सेक्रेटरींनी खुर्ची दिली, चहा मागवला, चुलत्याच्या शेजारी पुतण्या बसावा तसं प्रेमानं बसवलं. सहाला रांग लागली. काट्याचा डिस्प्ले दूध घालणाऱ्याच्या बाजूलाही होता, ही चांगली गोष्ट. एका वहिनींचं दूध ठेवलं तेव्हा काट्यावर ४.३८ दिसलं. मशीननं चिठ्ठी काढली, त्यावर ४.३. पुढच्यांचं ५.१७, चिठ्ठीवर ५.१. मी गप्प राहून बघत होतो, पण वहिनींच्या ते लक्षात आलेलं होतं. माझ्याकडं बघून म्हणाल्या, “वरचं कधीच येत नाही बघा चिठ्ठीवर. आठ असू दे नाहीतर नऊ, गेलंच ते.” सेक्रेटरी हसले, म्हणाले, “ठराव हाय वहिनी त्याचा, पहिल्यापास्नं.”

ठराव खरंच होता. जुना, पत्र्याच्या मापांच्या काळातला, जेव्हा शंभर मिलीच्या खाली मापच नव्हतं. काटा आला, ठराव तसाच राहिला. शेवटचा आकडा ५ च्या वर असेल तर वर न्यायचा आणि खाली असेल तर सोडायचा, असं केलं असतं तर दिवसाअखेर कमीजास्त जुळून गेलं असतं. इथं नेहमीच खाली. सरासरी माणशी पंचेचाळीस मिली तरी वेळेला सुटत होते. साठ जण, वीस वेळा, म्हणजे एका बिलात चोपन्न लिटर.

नमुन्याचे साठ आणि तुटीचे चोपन्न, एकशे चौदा लिटर दूध रजिस्टरच्या बाहेर संस्थेकडं जमा होत होतं. त्यातली नेहमीची घट १९ लिटर धरली, तर पंचाण्णव लिटर जादा उरायला पाहिजेत. माझा पहिला संशय वेगळाच होता, ते कबूल करायला हरकत नाही. या भागात सीमेपलीकडचं दूध अलीकडच्या संस्थेत घालण्याचा मोह असतो, कारण कर्नाटक सरकार सहकारी संस्थेला दूध घालणाऱ्या उत्पादकाच्या बँक खात्यावर लिटरमागं ५ रुपये प्रोत्साहनधन थेट जमा करतं. पण त्या प्रकारात संकलन फुगतं, आणि फुगलेलं दूध टेम्पोतून उतरताना कुणी तरी बघतं. इथं संकलन फुगलेलं नव्हतं. उलट सगळं घट्ट जुळलेलं होतं, आणि असं जुळण्यासाठी रजिस्टरात कुणाच्या तरी नावावर ते पंचाण्णव लिटर चढवलेले असणार.

नाव शोधायच्या आधी फॅटचा हिशेब करून घेतला. दूध संस्थेत रुपयांचा ताळा लावून काही सापडत नाही, कारण रुपये फॅटवरून निघतात आणि फॅट सकाळी सहा वाजता टेस्टरच्या टेबलावर ठरते. ती एकदा रजिस्टरात बसली की पुढचे सगळे कागद तिच्या मागोमाग नीट चालतात. म्हणून ताळा लावायचा तो किलो फॅटचा. किती किलो फॅट आत आली आणि किती किलो बाहेर गेली.

इथं नवख्या माणसाचा पाय घसरतो तो लिटर आणि किलोत. संस्थेचं रजिस्टर लिटरमध्ये, संघाची पावती म्हणजे ट्रक शीट किलोत. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. हे विसरून आकडे शेजारी ठेवले तर तीन टक्के वाढ दिसते, आणि लोक उगाच सेक्रेटरीवर किंवा संघावर तुटून पडतात.

ऐन हिवाळ्यातलं एक बिल घेतलं, गावातली किरकोळ विक्री दोन्ही बाजूंनी वगळून. संघाची पावती ३,३९४ किलो, सरासरी फॅट ६.५. म्हणजे २२०.६ किलो फॅट संघानं मोजून घेतली. रजिस्टरात ३,२९५ लिटर. १.०३ नं गुणलं की तेच ३,३९४ किलो. किलो फॅटची बेरीजही २२०.६. इतकं देखणं जुळलेलं की मागच्या ऑडिटरनं टिक करून पान उलटलं असेल तर मी त्याला दोष देणार नाही.

पण हीच बेरीज सभासदवार लावली. वेळेच्या क्रमानं छापलेलं रजिस्टर वाचत बसलं तर काही कळत नाही, रोज साठ नावं डोळ्यांसमोरून जातात. एक्सेलमध्ये घेऊन सभासद क्रमांकानं लावलं, आणि प्रत्येकाच्या बारा महिन्यांच्या ओळी सलग खाली आणल्या. मग प्रत्येक म्हैस दिसायला लागते. अमक्याची श्रावणात व्याली, दूध वाढलं, फॅट उतरली. तमक्याची गाभण, दूध अडीच लिटरवर आलं आणि फॅट आठाला टेकली. तिसऱ्याची आटली, दोन-तीन महिने ओळच नाही. चार-पाच म्हशीवाल्यांच्या ओळी सपाट असतात, एक आटली तर दुसरी व्यालेली असते. पण एक-दोन म्हशींवर ओढणाऱ्याच्या ओळीला चढउतार असतोच.

एक क्रमांक असा होता की वर्षभरात एकही वेळ चुकलेली नाही. वेळेला चार-पाच लिटर. फॅट साडेनऊ ते सव्वादहा. त्या दहा दिवसांत ९५ लिटर, सरासरी ९.९. म्हशीला दहा फॅट लागतच नाही असं नाही, आटत आलेल्या म्हशीला लागते. पण तेव्हा दूध लिटर-दीड लिटरवर आलेलं असतं. दिवसाला नऊ-दहा लिटर दूध, तेही दहाच्या फॅटचं, आणि बारा महिने आटायचं नाव नाही. अशी म्हैस असती तर तिच्या रेड्याला दारात रांग लागली असती.

आणखी एक खूण. रात्रीच्या धारेला अंतर जास्त पडतं म्हणून सकाळचं दूध जास्त आणि फॅट थोडी कमी, संध्याकाळचं उलटं. गावातल्या जवळपास प्रत्येक ओळीत हा फरक दिसत होता. या ओळीत सकाळ-संध्याकाळ सारखीच. पशुखाद्याच्या कपातीत या क्रमांकावर वर्षात एकही पोतं नाही. गोळी पेंड नाही, मिनरल मिक्श्चर नाही, उचल नाही.

हा क्रमांक काढून टाकला आणि बेरीज पुन्हा मांडली. बाकी सगळ्यांचं मिळून ३,२०० लिटर, म्हणजे ३,२९६ किलो, रजिस्टरातली सरासरी फॅट ६.४, किलो फॅट २१०.९. संघानं मोजली २२०.६. मधली ९.७ किलो फॅट या एका म्हशीच्या नावावर. पंचाण्णव लिटर म्हणजे ९८ किलो दूध, त्यात ९.७ किलो फॅट बसवायची तर आकडा ९.९ येतो. त्या म्हशीची फॅट म्हणजे निव्वळ भागाकार होता.

पण मग खऱ्या दुधाची फॅट सभासदांना ६.४ आणि संघाला ६.५ कशी? सगळ्यांना एक पॉइंट कमी लागत होता. इकडं फॅटच्या दशांशाला पॉइंट म्हणतात. एका पॉइंटनं कुणी भांडत नाही. त्या वेळच्या दरपत्रकात पॉइंटला ८० पैसे धरा. दिवसाला दहा लिटर घालणाऱ्याचे आठ रुपये जातात आणि त्याला वाटतं आज वैरण ओली होती.

एक पॉइंट मशीनच कमी दाखवतंय की टेस्टर, हे बघायला ॲसिडनं फॅट वेगळी काढून मोजायच्या गर्बर पद्धतीनं पडताळणी करावी लागते. संस्थेचा जुना गर्बर संच माळ्यावर होता, ब्युटिरोमीटरला, म्हणजे खुणांच्या काचनळ्यांना, चिरा गेलेल्या. संघाच्या सुपरवायझरना सांगून संच मागवला. ब्युटिरोमीटरमध्ये १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर अलगद १०.७५ मिली दूध, मग १ मिली अमाईल अल्कोहोल. बूच लावून हलवलं की नळी हातात धरवत नाही इतकी तापते, म्हणून फडक्यात गुंडाळायची. मग सेंट्रिफ्यूज, मग ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून फॅटचा पिवळा स्तंभ वाचायचा. हे काम सरावाच्या माणसानंच करावं, ॲसिड उडालं तर खेळ नाही.

इथं एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. नळीवरच्या खुणाच एकेका पॉइंटच्या. डोळ्यानं वाचताना अर्धा पॉइंट इकडंतिकडं होतोच. त्यामुळं एका नमुन्यात पॉइंटाचा फरक आला म्हणून कुणाला धरता येत नाही. बघायचं असतं ते फरकाची दिशा. यंत्र ठीक असेल तर काही नमुने वर जातील, काही खाली. आम्ही बारा सभासदांच्या दुधाच्या दोन-दोन बाटल्या भरल्या, एक यंत्राला, एक गर्बरला. अकरा ठिकाणी यंत्र खाली, एक सारखं. वर एकही नाही.

सेक्रेटरी म्हणाले, यंत्र घाण झालं असेल. शक्यता होती. आतल्या नळीला दुधाचा थर धरला की यंत्र भरकटतं, फेस असलेल्या किंवा नीट न ढवळलेल्या दुधालाही चुकतं. म्हणून क्लीनिंग सोल्युशननं धुऊन, साध्या पाण्यानं खळबळून, संध्याकाळी पुन्हा केलं. तेच. घाणीनं चुकणारं यंत्र एकसारखं चुकत नाही, आज जास्त उद्या कमी असं करतं. हे शिस्तीत एकेका पॉइंटनं खाली होतं. सर्व्हिसवाल्या पोराला बोलावून सेटिंग उघडायला लावलं, तर म्हशीच्या चॅनेलला फॅटची दुरुस्ती -०.१० टाकलेली.

आता हे सेटिंग असणं हाच काही गुन्हा नव्हे. गर्बरशी ताडून यंत्र जुळवायचं तर तिथंच आकडा टाकावा लागतो. पण तो टाकला तेव्हाचा ताडलेला तक्ता, तारीख, सही सर्व्हिस वहीत असायला पाहिजे. वहीत त्यातलं काही नव्हतं. तो आकडा कुणी टाकला हे मला शेवटपर्यंत सिद्ध करता आलं नाही, आणि अहवालात तसं लिहिलंही नाही. जे दिसलं तेवढं लिहिलं.

म्हशीच्या नोंदींचं मात्र तसं नव्हतं. छापील रजिस्टरात फक्त तारीख आणि वेळ-सकाळ की संध्याकाळ-एवढंच येतं. पण संगणकात प्रत्येक नोंद कधी घातली आणि ती काट्या-यंत्रातून आली की हातानं, हेही साठवलेलं असतं. सॉफ्टवेअरवाल्याकडून कच्चा डेटा काढून घेतला. साठ जणांच्या नोंदी सहा ते साडेसातच्या दरम्यान, यंत्रातून. या क्रमांकाच्या सगळ्या हातानं, आणि वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या पुढं. टेम्पो आठला कॅन न्यायला येतो आणि आदल्या दिवसाची ट्रक शीट घेऊन येतो. त्यावर संघानं लावलेले किलो आणि फॅट असतात. ते हातात आल्याशिवाय त्या म्हशीचं दूध ठरत नव्हतं. वीज गेली की हातानं नोंद करावी लागते, ते मी मान्य करतो. पण वीज एकाच माणसापुरती वर्षभर जात नाही.

ज्यांच्या नावावर ही म्हैस होती ते सभासद म्हातारे गृहस्थ, मारुतीच्या कट्ट्यावर भेटले. सरळ विचारलं, आजोबा, म्हशी किती? म्हणाले, “म्हसरं इकून तीन वर्सं झाली की. म्हातारी गेली, धार कोण काढनार?” मग खात्यावर पैसे येतात ते? “ते पाच रुपयाचं येतंय न्हवं, सरकारचं? सेक्रेटरी म्हनला मिळतंय म्हाताऱ्या मानसास्नी.” त्यांना खरोखर तेवढंच माहीत होतं. प्रोत्साहनधन आधारशी जोडलेल्या खात्यावर येत होतं, ते पासबुक त्यांच्याकडं. दुधाच्या बिलाची रक्कम मात्र संस्थेनं उघडून दिलेल्या दुसऱ्या खात्यावर जात होती, त्याचं पासबुक आणि सह्या केलेल्या कोऱ्या स्लिपा संस्थेच्या कपाटात. बिलाला सुमारे ७,७०० रुपये. वर्षाचे पावणेतीन लाखांच्या वर.

मी आमच्या सरांना घेऊन गेलो, आणि सरांनी कमिटीच्या आधी सेक्रेटरींना एकट्यांना बसवून विचारलं. त्यांचं म्हणणं लिहायला हवं. ते म्हणाले, “संघ कधी फॅट कमी लावतो, कधी दूध नासलं म्हणून कॅन परत येतो. तवा तूट मी कुठनं भरू? पगार सात हजार. म्हणून एक खातं ठेवलं होतं, वाढ तिकडं टाकायची, तूट आली की त्यातनं भरायची.” यात तथ्य अगदीच नाही असं नव्हे. लहान संस्थेत कॅन परत आला तर कमिटी सेक्रेटरीच्या पगारातून कापते, हे मी पाहिलेलं आहे. पण वाढ संस्थेची असेल तर ती संस्थेच्या खात्यावर घट-वाढ म्हणून दिसायला पाहिजे, म्हाताऱ्याच्या नावावर नव्हे. आणि त्या बँक खात्यातून वर्षभरात तूट भरायला एक पैसाही परत आलेला नव्हता. सरांनी तो उतारा पुढं सरकवला. मग बोलणं थांबलं.

कमिटीत नेहमीचं झालं. गावात मिटवू, अहवालात कशाला, निवडणूक तोंडावर आहे. सर म्हणाले, मिटवायचं ते मिटवा, पण ऑडिट अहवालात जे आहे ते जाईल. तो सहकार खात्याला आणि संघाला जातो, आणि पुढं कलम ६४ खाली चौकशी लावायची की नाही ते तिथं ठरतं. प्रोत्साहनधनाचा भाग सरकारी पैसा, त्यात कमिटीला तडजोड करताच येत नाही, तो वेगळा दाखवला. सेक्रेटरींनी पद सोडलं आणि बाकीची रक्कम हप्त्यांनी भरायचं लिहून दिलं.

खरी अडचण वाटपाची होती. कुणाचे किती गेले? पॉइंटाचा हिशेब काढता येतो, लिटर गुणिले ८० पैसे. पण काट्यावरचा तुटलेला आकडा यंत्रानं साठवलेलाच नव्हता. वहिनींचे ०.०८ गेले की ०.०२, ते कायमचं गेलं. शेवटी त्या वर्षी ज्यानं जितके लिटर घातले त्या प्रमाणात वाटायचं ठरलं. यात थोडं घालून नेमानं येणाऱ्या गरिबावर अन्याय होतो, कारण तूट दर खेपेमागं सारखी जात होती, लिटरमागं नव्हे. पाच लिटरवाल्याचेही पंचेचाळीस मिली आणि वीस लिटरवाल्याचेही तेवढेच. मी ते मांडलं. खेपांवर वाटलं तर मोठे उत्पादक उठतील म्हणून कमिटीनं ऐकलं नाही. मागच्या वर्षांत जाता आलं नाही, कारण आधीचा संगणक भंगारात गेला होता आणि छापील रजिस्टरावरून नोंदीची वेळ कळत नाही.

सूचना आम्ही मोजक्याच दिल्या. चिठ्ठीवर काट्याचे दोन्ही आकडे येऊ द्या. नमुन्याच्या दुधाची बादली रोज मोजून वेगळी नोंदवा. हातानं घातलेल्या नोंदींची यादी दर बिलाला कमिटीच्या सभेत वाचा. महिन्यातून एकदा गर्बरशी यंत्र ताडा आणि तक्त्यावर दोघांच्या सह्या घ्या. ट्रक शीटची किलो फॅट आणि रजिस्टरची किलो फॅट फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, मराठीत.

पुढच्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेला मी हजर होतो. हिशेबात पहिल्यांदाच घट दिसत होती, पाऊण टक्क्याच्या आसपास, आणि नमुन्याच्या दुधाचं उत्पन्न लाखाच्या घरात. वाचन संपायच्या आत मागच्या ओळीतून एक गृहस्थ उठले, हातात अहवाल. “जुन्या सेक्रेटरीच्या वक्ताला एक लिटर घट न्हवती. आता नवीन मानूस आला आनि आठ-नऊशे लिटर घट? हे दूध गेलं कुठं?” दहा-बारा जणांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं, आणि मी उठून कॅनला चिकटणाऱ्या सायीपासून सांगायला सुरुवात केली.